कवितेच्या अनुवादात टीप कुठे द्यावी, कुठे देऊ नये: ‘कोयता’ या एका शब्दाचा हिशोब

मराठवाड्यातल्या बोलीतली कविता हिंदीत न्यायला बसलं की पहिल्या वाचनातच पाच-सात शब्दांखाली पेन्सिलीची रेघ ओढली जाते. या शब्दांना हिंदीत शब्द नाही असं वाटतं आणि हात आपोआप तळटीपेकडे वळतो. नवख्या अनुवादकाच्या पहिल्या खर्ड्यात बारा ओळींच्या कवितेखाली नऊ टिपा असतात त्या यामुळेच. असं पान वाचताना नजर सारखी खाली-वर करते आणि कवितेची लय तिसऱ्या ओळीतच मोडते. काही जण उलट टोकाला जातात. टीप म्हणजे अनुवादकाची हार असं मानून ते एकही देत नाहीत, आणि वाचक भलताच अर्थ घेऊन पान उलटतो.

या दोन्हींच्या मधली वाट सापडण्यासाठी एक प्रश्न पुरतो. हा शब्द कळला नाही तर वाचक नुसता अडखळेल, की चुकीच्या वाटेला लागेल? अडखळणं कवितेला चालतं. अनोळखी शब्द आला, तो कसलासा सण आहे किंवा खायचा पदार्थ आहे एवढं कळलं, आणि वाचक पुढे गेला, तर फारसं बिघडत नाही. चकवा मात्र चालत नाही. शिवारात चकवा लागलेल्या माणसाला आपण वाट चुकलोय हे कळतच नाही, तो ठामपणे चालत राहतो. कवितेतही तेच होतं. म्हणून रेघ मारलेल्या प्रत्येक शब्दापुढे समासात ‘अ’ (अडखळ) किंवा ‘च’ (चकवा) लिहायचं. टीप, शब्दार्थसूची, की काहीच नको, हे पुढे या अक्षरावरून ठरतं.

हे प्रत्यक्ष कसं करायचं ते एका कवितेवर पाहू. खालची कविता या लेखासाठीच, सरावापुरती रचली आहे. बोलणारी बाई लातूर-बीडच्या शिवेवरची, ऊसतोडीला जाणारी.

कोयता

दिवाळीचा दिवा इझायच्या आत
मुकादमाची गाडी येशीत उभी.
उचल गेली लेकीच्या लग्नात,
फिटायची राहिली ती आमच्या अंगानं.
लेकरू म्हातारीपाशी,
न्हाईतर पाचटावर.
तो गेला तव्हापसून
मी अर्धा कोयता.
अर्ध्या कोयत्याला मोळी पुरी,
अर्ध्या कोयत्याला खाडा पुरा.
येळवशीला शेतात कोण जाईल?
वाढ्याच्या पेंडीवर डोकं टेकून
मी आंबिलीचा वास आठवते.

पहिली पायरी: शब्दांची यादी, आणि यादीतून गाळायचं काय

रेघा मारताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. ‘इझायच्या’, ‘येशीत’, ‘न्हाईतर’, ‘तव्हापसून’ ही बोलीची रूपं आहेत. त्यांचा अर्थ प्रमाण मराठीत सरळ आहे, फक्त उच्चार वेगळा आहे. अशा रूपांना टीप कधीच लागत नाही. बोलीचा सूर हिंदीत आणायचा तर तो वाक्याच्या बांधणीतून आणि साध्या घरगुती शब्दांतून आणावा लागतो, तळटिपेतून तो येत नाही. तेव्हा हे शब्द यादीतून आधीच काढून टाका.

उरले ते असे: मुकादम, उचल, पाचट, कोयता, मोळी, खाडा, येळवस, वाढं, आंबील. नऊ शब्द. यादी करताना शब्द मूळ रूपात लिहा. कवितेत ‘येळवशीला’ आहे, ‘वाढ्याच्या’ आहे, पण वहीत ‘येळवस’ आणि ‘वाढं’ असंच लिहायचं. पुढे शब्दार्थसूची करायची वेळ आली तर हेच उपयोगी पडतं, कारण मराठी सामान्यरूप हिंदी वाचकाला ओळखता येत नाही. ‘वाढ्या’ या नावाखाली तो शोधत बसेल आणि नोंद ‘वाढं’खाली असेल.

दुसरी पायरी: खरंच प्रतिशब्द नाही का, ते तपासा

आपल्याला माहीत नाही आणि त्या भाषेत नाही, यांत फरक आहे. ‘अनुवाद होत नाही’ म्हणून पुढे आलेल्या शब्दांतले निम्मे इथेच गळतात.

‘वाढं’ घ्या. उसाचा वरचा हिरवा शेंडा, जो तोडून जनावरांना घालतात आणि ज्याच्या पेंड्या विकून तोडणीवाल्यांना वरखर्चाचे चार पैसे मिळतात. शहरातल्या हिंदी माणसाला विचारलं तर तो ‘गन्ने का ऊपरी हिस्सा’ म्हणेल आणि तुम्हाला वाटेल शब्द नाही. पण उत्तर प्रदेशात ऊस पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिथे त्याला ‘अगौला’ म्हणतात, जुन्या कोशांत ‘अगौरा’ हे रूपही मिळतं. तेव्हा शेतीचा शब्द असेल तर शेतीच्या हिंदीत शोधा. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेचा ‘हिंदी शब्दसागर’ अशा ग्रामीण शब्दांसाठी फार उपयोगी आहे. मराठी बाजूला मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती 1857) आणि दाते-कर्वे मंडळींचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (पहिला खंड 1932) हाताशी हवेत. दोन्ही इंटरनेटवर चाळता येतात. एक मर्यादा मात्र ध्यानात असू द्या. सहकारी साखर कारखानदारी फोफावली ती स्वातंत्र्यानंतर, त्यामुळे ऊसतोडीच्या धंद्यात रुळलेले अर्थ या जुन्या कोशांत मिळतील अशी आशा धरू नका. त्यासाठी तोडणीला गेलेल्या माणसालाच विचारावं लागतं.

‘उचल’ म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून अंगावर घेतलेले पैसे. हिंदीत ‘पेशगी’ आहे, आणि तो नुसता कोशातला शब्द नाही. वीटभट्टीवरचा मजूर भट्टीमालकाकडून जे आगाऊ पैसे घेऊन बांधला जातो, त्यालाही पेशगीच म्हणतात. म्हणजे शब्दाबरोबर बांधलेपणही आलं. पुढची ओळ ‘फिटायची राहिली ती आमच्या अंगानं’ अशी आहे. हिंदीत कर्ज ‘चुकतं’, आणि ‘चुकना’चा दुसरा अर्थ संपणं, सरणं. तेव्हा ‘चुकेगी अब हमारी देह से’ असं केलं तर मूळ ओळीपेक्षा थोडं जास्तच हाती लागतं. इथे टीप दिली असती तर या ओळीकडे आपलं लक्षच गेलं नसतं. टीप दिली की अनुवादक निर्धास्त होतो आणि शब्द शोधणं थांबवतो, हा टिपेचा मोठा तोटा आहे.

‘मोळी’ म्हणजे गट्ठर, आणि ‘पाचट’ म्हणजे उसाची वाळलेली पानं. ‘सूखी पत्तियाँ’ म्हटल्यानं नेमकेपणा थोडा कमी होतो, पण लेकरू कशावर निजलंय ते दिसतं. हे चारही शब्द यादीतून गेले.

तिसरी पायरी: ओळीतच सोय करता येते का

उरलेल्या शब्दांत काहींचं काम ओळीत एखादा शब्द वाढवून भागतं. हा मार्ग टिपेच्या आधी वापरून पाहायचा, पण हात आखडता ठेवून. एका ओळीत एकापेक्षा जास्त शब्द घालू नये. त्याहून जास्त लागत असतील तर ती ओळ उरत नाही, तिचं स्पष्टीकरण होतं.

‘येळवस’ म्हणजे वेळा अमावस्या. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर, धाराशिव आणि त्यांच्या आसपासच्या भागात सगळं घर शेतात जातं, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, भज्जी, उंडे, आंबील असं जेवण होतं, आणि ओळखीपाळखीच्या कुणालाही जेवायला हाक मारली जाते. आता ‘येळवशीला शेतात कोण जाईल?’ ही ओळ जशीच्या तशी हिंदीत नेली तर काय होईल? ‘येळवस को खेत में कौन जाएगा?’ कवितेत आतापर्यंत कष्टच कष्ट आहेत, त्यामुळे हिंदी वाचकाला वाटेल की त्या दिवशी शेतात राबायला कोण जाणार, असं ती विचारतेय. हा चकवा झाला. सणाचं जेवण हुकल्याची हळहळ होती, तिथे कामाची चिंता वाचली गेली. पण तो काढायला टीप लागत नाही. ‘येळवस पर खेत में जीमने कौन जाएगा?’ एक ‘जीमने’ आला आणि सण, पंगत, शेत, सगळं जागेवर बसलं. चकवा त्या ओळीतला होता, तो गेला. शब्दापुरती आता नुसती अडखळ उरली. ‘खाने’ही चाललं असतं, पण ‘जीमना’ पंगतीतलं आणि न्योत्यातलं आहे. पांडव, कोप, भज्जी यांतलं काहीच या ओळीत नाही, म्हणून अनुवादातही त्याची गरज नाही.

‘आंबील’चंही तसंच. ज्वारीचं पीठ आणि ताक हे सांगत बसण्यापेक्षा ‘आंबील की खट्टी गंध’ पुरे. वास म्हटला आहे, आंबट म्हटलं आहे, वरच्या ओळीत जेवण आलं आहे. वाचक क्षणभर अडखळेल आणि पुढे जाईल.

‘खाडा’ जरा अवघड आहे. हिंदीत ‘नागा’ हा त्याचा जवळजवळ जुळा भाऊ आहे, कामावर न येणं. पण फडावर खाडा पडला की त्याच्याबरोबर पैशांची कपातही येते. ‘आधे कोयते को पूरा नागा’ असं लिहिलं तर हिंदीत नीट अर्थच लागत नाही, कारण नागा पुरा किंवा अर्धा नसतो. ‘आधे कोयते को नागे का दंड पूरा’ इथे ‘दंड’ घातला. एका शब्दात व्यवहार स्पष्ट झाला आणि ‘पूरा’ ओळीच्या शेवटी, मूळ जागीच राहिला.

‘मुकादम’ दिसायला निरुपद्रवी आहे आणि म्हणूनच धोक्याचा आहे. मूळ अरबी शब्द एकच, पण हिंदी पट्ट्यात ‘मुकद्दम’ म्हणजे गावचा मुखिया. ‘मुकादम की गाड़ी’ वाचून तिकडच्या खेड्यातला वाचक पाटलाची गाडी आली असं समजू शकतो. इथे शब्द राखण्याचा हट्ट सोडून ‘ठेकेदार’ करावं. मुकादम बऱ्याचदा आपल्याच भागातला, ओळखीतला माणूस असतो, तो रंग ‘ठेकेदार’मध्ये उतरत नाही हे खरं. पण कवितेच्या त्या ओळीत तो फक्त गाडी घेऊन येतो, आणि तेवढ्यासाठी ठेकेदार पुरेसा आहे. ओळखीचे दिसणारे, दोन भाषांत वेगळे वागणारे शब्द यादीत सगळ्यात आधी तपासावेत. नवखे लोक अनोळखी शब्दांना टिपा देतात आणि या शब्दांकडे बघतही नाहीत.

उरला तो शब्द

नऊपैकी आता एकच उरतो, कोयता, आणि तोच कवितेचं नावही आहे.

वस्तू म्हणून कोयत्याला हिंदीत ‘हँसिया’ किंवा ‘दराँती’ आहे. ‘मैं आधा हँसिया’ करून पाहा. दोन गोष्टी बिघडतात. हिंदी कवितेच्या वाचकाच्या मनात हँसिया आला की पाठोपाठ हथौडा येतो, लाल झेंडा येतो, आणि कविता एका पक्षाच्या सभेत जाऊन बसते. दुसरं असं की अर्धं हत्यार म्हणजे मोडलेलं हत्यार. बाई स्वतःला मोडकी म्हणतेय असा अर्थ निघतो, आणि कवितेत ती तसं म्हणत नाही.

म्हणून शब्द ‘कोयता’च राखायचा. हिंदीत तो बसतोही छान. आकारान्त पुल्लिंगी असल्यामुळे ‘आधा कोयता, आधे कोयते को’ असा तो हिंदीच्या नियमानं आपोआप चालतो. परका शब्द राखताना हे तपासणं महत्त्वाचं आहे. जो शब्द दुसऱ्या भाषेच्या विभक्तीत अडत नाही, तो राखायला सोपा.

आता टीप हवी का? ‘तो गेला तव्हापसून मी अर्धा कोयता’ यातून नवरा गेला आणि ती अर्धी उरली हे कोणालाही कळतं. वाचक अडखळतसुद्धा नाही. त्यामुळे पुष्कळांना वाटेल की टीप नको, संदर्भातून अर्थ लागतो. इथेच चकवा आहे. वाचक ‘अर्धा कोयता’ ही कवीनं केलेली प्रतिमा समजतो. विधवेचं दुःख सांगायला हत्याराची उपमा, बरी जमलीय, असं म्हणून तो पुढे जातो. प्रत्यक्षात हा शब्द कवीचा नाहीच. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात, उचल त्या जोडीवर ठरते, आणि एकटा माणूस किंवा एकटी बाई ‘अर्धा कोयता’ असते. बाई मुकादमाच्या वहीतली भाषा बोलते आहे. नवरा गेल्यावर तिला तिच्या दुःखासाठी शब्द मिळाला तो हिशोबाचा. हे कळल्यावर पुढच्या दोन ओळींतल्या ‘पुरी’ आणि ‘पुरा’ यांना धार येते, कारण तो हिशोब कुठे अर्धा होतो आणि कुठे होत नाही ते ती सांगते आहे. हे न कळता कविता वाचली तर ती हळवी वाटते. कळून वाचली तर ती आरोप करते.

ओळीत शब्द वाढवून हे सांगता येतं का? ‘ठेकेदार की बही में आधा कोयता’ असं करता येईल. अर्थ बराचसा येतो, पण कवितेतल्या सगळ्यात आखूड आणि सगळ्यात जड ओळीला शेपूट लागतं. ती ओळ आखूड असणं हेच तिचं बळ आहे. म्हणून इथे टीप द्यायची.

चौथी पायरी: टीप लिहायची कशी

पहिल्या खर्ड्यात लोक असं काहीतरी लिहितात: ‘कोयता गन्ना काटने का औज़ार है। महाराष्ट्र के मराठवाड़ा क्षेत्र, विशेषकर बीड ज़िले से लाखों मज़दूर हर वर्ष पश्चिम महाराष्ट्र और कर्नाटक के चीनी कारख़ानों में जाते हैं। यहाँ कोयता पति-पत्नी का प्रतीक है और कवयित्री ने आधे कोयते के माध्यम से विधवा की पीड़ा को मार्मिक ढंग से व्यक्त किया है।’

यात तीन चुका आहेत. मधलं वाक्य भूगोलाच्या पुस्तकातलं आहे. ते खरं असलं तरी या ओळीसाठी लागत नाही, संग्रह असेल तर त्याची जागा प्रस्तावनेत. शेवटचं वाक्य कवितेचा अर्थ सांगतं, जे टिपेचं कामच नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ‘प्रतीक’ हा शब्द. जो गैरसमज दूर करायला टीप लिहिली तोच तिनं पक्का केला.

चांगली टीप व्यवहार सांगते आणि गप्प बसते:

कोयता: गन्ना-कटाई के ठेके में पति-पत्नी की जोड़ी को एक ‘कोयता’ गिना जाता है, पेशगी इसी जोड़ी पर तय होती है। अकेला मज़दूर ‘आधा कोयता’ गिना जाता है।

पंचवीस-तीस शब्द. तिसाच्या पुढे टीप जाऊ लागली की समजावं, आपण कवितेबद्दल बोलायला लागलो. विशेषणं काढून टाका, ‘मार्मिक’, ‘करुण’ आधी. हत्याराचा अर्थ सांगायचा असेल तर ‘शब्दार्थ: दराँती’ एवढं पुरे. टीप अनुवादकाची असेल आणि त्याच पुस्तकात कवीच्याही टिपा असतील, तर शेवटी ‘(अनु.)’ लिहावं. कवी हयात असेल तर टीप त्याला दाखवावी. कवी बहुतेक वेळा टीप कमीच करायला सांगतो, आणि त्याचं ऐकावं.

आता जागा. ‘कोयता’ शीर्षकात आहे म्हणून शीर्षकावर अंक टाकायचा मोह होतो. टाकू नका. देवनागरीत ‘कोयता१’ असं दिसायला वाईट असतं आणि लहान टाइपात अंक शब्दालाच चिकटतो, हे एक झालं. त्याहून मोठं कारण असं की वाचक कविता सुरू होण्याआधीच खाली जाऊन उत्तर वाचून येतो. या कवितेत वाचकानं आधी ‘अर्धा कोयता’ला प्रतिमा समजणं आणि शेवटी ती वहीतली नोंद आहे हे कळणं, हा क्रम कवितेच्या फायद्याचा आहे. म्हणून टीप कवितेच्या खाली, एक ओळ सोडून, लहान अक्षरात, अंकाशिवाय. नुसता शब्द ठळक.

सगळ्याच टिपांना ही जागा चालत नाही. मराठवाड्यातल्या दलित कवितेत ‘जोहार’ येतो. इथे ‘जोहार मायबाप’ हा गावगाड्यानं महारांवर लादलेला मुजरा होता. झारखंडात ‘जोहार’ हे आदिवासींचं अभिमानाचं अभिवादन आहे. रांचीकडचा वाचक अशी कविता पहिल्या ओळीपासून अभिमानाच्या सुरात वाचत जाईल आणि शेवटी टीप पाहून सगळी कविता परत वाचेल, किंवा परत वाचणारही नाही. ज्या चकव्यानं कवितेचा सूरच फिरतो त्याची टीप कवितेच्या आधी, शीर्षकाखाली एका वाक्यात द्यावी. चकवा एका ओळीपुरता असेल तर कवितेनंतर.

शब्दार्थसूची कधी

एका सुट्या कवितेला सूची करू नये. मासिकात एक कविता आणि खाली आठ शब्दांची यादी म्हणजे शाळेच्या पुस्तकातला धडा झाला. सूचीचा विचार संग्रहासाठी, आणि तोही ‘अ’ खुणेच्या शब्दांसाठी. वीस-पंचवीस कवितांत येळवस चार ठिकाणी येते, आंबील तीन ठिकाणी, तिफण पाच ठिकाणी, तर दर वेळी ओळीत सोय करणं कृत्रिम होतं. एखाद्या कवितेत ‘जीमने’ घालायला जागाच नसते. असे शब्द मागे सूचीत न्यावेत. किमान दोन-तीन कवितांत न येणारा शब्द सूचीत घालायचं कारण नाही.

‘च’ खुणेचा शब्द सूचीत कधीही टाकू नये, हा नियम मात्र कडक पाळा. चकवा लागलेला वाचक सूचीत जातच नाही, कारण आपल्याला शब्द कळला अशीच त्याची खात्री असते. त्याला थांबवणारी टीप त्याच पानावर हवी.

सूचीतल्या नोंदी लिहिताना दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे गोल गोल अर्थ: ‘तिफण: पेरणी का औज़ार, देखें चाड़ं’ आणि ‘चाड़ं: तिफण का हिस्सा’. वाचक दोन्ही नोंदी वाचून होता तिथेच राहतो. ‘तिफण: तीन नलियों वाला, बैलों से खिंचने वाला बीज बोने का औज़ार’ आणि ‘चाड़ं: तिफण का कटोरा, जिसमें मुट्ठी से बीज छोड़ा जाता है’ असं लिहिलं की चित्र उभं राहतं. दुसरी गोष्ट म्हणजे पानाफुलांच्या शास्त्रीय नावांचा सोस. कवितेत बाभळीची सावली असेल तर ‘बबूल’ पुरे, लॅटिन नाव कशाला? सूची दोन पानांच्या पुढे गेली तर ती पुन्हा चाळा, निम्मे शब्द आधीच्या पायऱ्यांवर गळायला हवे होते असं दिसेल. आणि सूची आहे हे अनुक्रमणिकेत लिहा. शेवटच्या पानावर लपवलेली सूची वाचकाला पुस्तक संपल्यावर सापडते.

लिपीचा एक बारीक प्रश्न येतो. प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही. ‘येळवस’चं ‘येलवस’ करावं का? राखलेला शब्द राखलेल्या अक्षरासकट राहू द्यावा. देवनागरी एकच असल्यानं हिंदी वाचक ते अक्षर ओळखतो, मनात ‘ल’ म्हणून वाचतो, आणि त्यानं काही नुकसान होत नाही.

पाचवी पायरी: वाचकावर तपासणी

अनुवाद आधी टीप काढून तीन-चार वाचकांना द्या. वाचक निवडताना मराठवाड्यात एक अडचण येते. नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगर इथे हिंदी-उर्दू बोलणारी माणसं भरपूर आहेत, पण त्यांच्या कानावर मराठी शब्द रोजचे आहेत. लातूरच्या दखनी बोलणाऱ्या माणसाला येळवस सांगावी लागत नाही, तो दर वर्षी आंबील प्यायला बोलावलेला असतो. त्याच्यावर तपासणी करून ‘सगळं कळतं’ असा निष्कर्ष काढला तर फसगत होते. उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेशातून इकडे नव्यानं आलेला माणूस शोधा. विद्यापीठात, रेल्वेत, बँकेत असे सापडतात. त्यातला एक तरी खेड्यातला असू द्या.

‘समजली का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘गाडी कुणाची आली?’, ‘ती स्वतःला आधा कोयता का म्हणते?’, ‘शेतात जायचं ते कशाला?’ असे प्रश्न विचारा आणि उत्तर त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. ‘माहीत नाही, काहीतरी सण असेल’ हे उत्तर आलं तर शब्द ‘अ’. ठामपणे चुकीचं उत्तर आलं तर ‘च’. बसल्या जागी आपण लावलेल्या खुणांपैकी एखाद-दुसरी इथे बदलतेच. नंतर टीपेसकट कविता दाखवा आणि तोच प्रश्न परत विचारा. टीप वाचूनही कुणी ‘प्रतीक’ म्हणत असेल तर टीप परत लिहायला हवी.

कविता वाचून दाखवायची असेल तर तळटीप ऐकू येत नाही, हे उघड असूनही विसरलं जातं. मंचावर ‘कोयता’ची टीप कवितेच्या आधी एका वाक्यात, सहज बोलण्यासारखी सांगावी. कवितेचा शेवट झाल्यावर शांततेत टीप वाचून दाखवणं फार वाईट दिसतं. इथे छापील पानाचा क्रम उलटतो, तेवढं सोसावं लागतं.

या सगळ्या पायऱ्यांनंतर हिंदी रूप असं उभं राहतं:

कोयता

दिवाली का दीया बुझने से पहले
ठेकेदार की गाड़ी गाँव के मुहाने पर।
पेशगी गई बिटिया के ब्याह में,
चुकेगी अब हमारी देह से।
बच्चा बुढ़िया के पास,
नहीं तो सूखी पत्तियों पर।
जब से वह गया
मैं आधा कोयता।
आधे कोयते को गट्ठर पूरा,
आधे कोयते को नागे का दंड पूरा।
येळवस पर खेत में जीमने कौन जाएगा?
अगौले की पूली पर सिर टिकाए
मैं आंबील की खट्टी गंध याद करती हूँ।

‘गाँव के मुहाने’मुळे दुसरी ओळ किंचित लांबली, ‘पाचट’चा खरखरीतपणा गेला, आणि ‘तो गेला’ मधला ‘गेला’ मराठीत मेला की सोडून गेला हे जसं मोघम आहे तसंच ‘गया’मध्येही राहिलं. त्याला कुणी टीप मागितली तरी देऊ नये, कारण मराठी वाचकालाही ते सांगितलेलं नाही. नऊ रेघांपैकी टीप एकाच शब्दाला, ‘अ’ म्हणून राखलेले शब्द दोन. ही कविता सुटी छापायची असेल तर येळवस आणि आंबील असेच सोडा. संग्रहात जाणार असेल तर त्या दोघांची नोंद मागच्या सूचीत करा.